‘प्रोसेस्ड’ रिफंड

ऑपरेशन थिएटरमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या सिस्टरांना कुणी गृहीत धरलेलं खपत नसे. भले भले सर्जन त्यांच्यासमोर आवाज खाली आणत. टाके घालून झाले तरी कापसाचे बोळे मोजून पुरे भरेपर्यंत त्या कुणाला जागचं हलू देत नसत. अशी ही करारी बाई एका बाबतीत मात्र डोळे मिटून चालायची. ती बाब म्हणजे आयकर. ते सगळं भाऊजी बघायचे.

भाऊजी म्हणजे सिस्टरांच्या दिवंगत नवऱ्याचे जिवलग मित्र आणि करसल्लागार. त्यांच्या टेबलावर सिस्टरांची फाईल पहिल्यापासून. पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेलही भाऊजींनी स्वतःचाच घातला होता. “वहिनी, तुम्ही थिएटरमध्ये असता, ओटीपी कुणी बघायचे?” सिस्टरांना ते सोयीचंच वाटलं.

निवृत्तीच्या वर्षी पगाराची थकबाकी एकदम हातात आली आणि तिच्यावर जास्तीचा कर कापला गेला. अठ्ठेचाळीस हजार परत मिळणार होते. सिस्टरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी चांगली लेन्स सुचवली होती आणि ती याच पैशातून बसणार होती. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली.

“अहो, हे बघा ना, प्रोसेस्ड!” भाऊजी मोबाईलवरची हिरवी अक्षरं दाखवायचे. “सरकारने आपलं काम केलंय. बँकेतच अडकलंय कुठेतरी.”

चार महिने सिस्टर बँकेवर चडफडत होत्या. शेवटी सरळ काउंटरवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथल्या बाई शांत स्वभावाच्या निघाल्या. त्यांनी खातं तपासलं, पॅनवरचं नाव जुळवून पाहिलं.

“खातं चालू आहे, नावही बरोबर आहे. आमच्याकडे काही आलेलंच नाही, सिस्टर.”

“मग प्रोसेस्ड कसं म्हणतात?”

“प्रोसेस्ड म्हणजे तुमच्या रिटर्नचा हिशोब तपासून झाला, एवढंच. पैसे निघाले असं नाही. खात्यात गडबड असेल तर परत जातात, आणि जुना कर थकलेला असेल तर आधी तिकडे वळते होतात. पोर्टलवर बघा की.”

“पासवर्ड भाऊजींकडे असतो.”

“नेट बँकिंगमधूनही आत जाता येतं. या, बसा इथे.”

सिस्टरांना पडद्यावरचं धूसर दिसत होतं, म्हणून बाईंनी वाचून दाखवलं. रिफंड पूर्णपणे जुन्या थकीत कराच्या मागणीत वळता केला होता. चार वर्षांपूर्वीच्या रिटर्नमध्ये करसवलतीसाठी मोठी देणगी दाखवली होती. तिची चौकशी झाली, पुरावा मागितला गेला, उत्तर गेलं नाही. देणगी नामंजूर झाली आणि कर, व्याज सगळं अंगावर आलं. रिफंड वळवण्याआधी उत्तर द्यायला एकवीस दिवसांची मुदतही दिली होती.

“देणगी कुणाला दिलीत?” बाईंनी विचारलं.

सिस्टरांनी कुणाला दमडी दिली नव्हती. त्या वर्षी रिफंड भरघोस आला तेव्हा मात्र त्यांनी भाऊजींच्या हुशारीचं तोंडभरून कौतुक केलं होतं. सगळ्या नोटिसा कुठल्या ईमेलवर गेल्या, ते बाईंनी खालच्या ओळीत दाखवलं. म्हणजे हा माणूस चार महिने सगळं माहीत असताना बँकेला नावं ठेवत होता! नोटिसा स्वतःच्या ईमेलवर घेऊन समोर बसून चहा पाजत होता!

तिथून त्या तडक भाऊजींच्या ऑफिसात गेल्या. त्यांनी नाकारलं नाही, हे आणखी लागलं.

“वहिनी, तेव्हा सगळेच दाखवायचे हो. तुमचाच फायदा बघितला मी.”

“आणि नोटीस आली तेव्हा?”

“कुठल्या तोंडाने सांगणार? वाटलं, निभावून नेऊ.” त्यांनी खण उघडला. “लेन्सचे पैसे मी देतो. फक्त बाहेर बोलू नका. तुम्ही आणलेल्या अकरा जणींचंही तसंच केलंय मी. नाव बुडेल माझं.”

खणातल्या पाकिटाला सिस्टरांनी हात लावला नाही. अकरा जणी. वॉर्डातल्या, प्रसूती विभागातल्या, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. एकेकीला त्यांनीच हाताला धरून या खुर्चीत आणून बसवलं होतं, ‘घरचा माणूस आहे’ असं सांगून.

जिन्यातच थांबून त्यांनी पहिला फोन प्रसूती विभागातल्या नर्सला लावला आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं.

“माझाही रिफंड प्रोसेस्डच दिसतोय, सिस्टर,” ती म्हणाली. “त्यांना आम्ही कुठे ओळखत होतो? आम्ही तुम्हाला ओळखत होतो.”