धडधाकट बायकांची यादी

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याजवळच्या आमच्या गावात मी आशाताई आहे. याद्या करण्यात माझा हात कोणी धरत नाही, अशी मला घमेंड होती. उपकेंद्रात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी ठरली, तेव्हा तिशीपुढच्या बायकांची यादी मीच केली. कुणाच्या अंगावरून जातं, कुणाची कंबर धरते, त्या घेतल्या. धडधाकट वगळल्या, त्यात माझी मोठी जाऊही. सोयाबीनच्या सोंगणीत ती दोन गड्यांना मागे टाकते.

यादी पाहून सिस्टर भडकल्या. "त्रास हाये त्याच आणल्या काय? मंग बाकीच्याईनं काय पाप केलं?"

मग त्यांनी नीट समजावलं. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. एखादीच्या अंगात मात्र तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि तिथल्या पेशी हळूहळू बिघडवतो. त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. तोवर काही दुखत नाही, रक्तही जात नाही. पकडायचं ते याच काळात.

मला लाज वाटली आणि स्वतःचा रागही आला. तशीच घरी गेले, जावेला ओढत आणलं. "मले काय धाड भरली वं?" ती वाटभर कुरकुरत होती.

सिस्टरनं पातळ ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावला, मिनिटभर थांबल्या. पांढरा डाग उमटला, म्हणजे तिथल्या पेशी बिघडल्याचा संशय.

वाशीमला मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मला कर्करोगाची धास्ती होती. जाऊ मात्र भलत्याच आगीत जळत होती, नवऱ्याशी बोलणंच टाकलं होतं तिनं. "तुह्या भासऱ्यानं कुठं शेण खाल्लं काय?" असं तिनं मला विचारलं. मी सिस्टरला फोन लावून दिला. विषाणू कधी आला हे कोणालाच सांगता येत नाही, लग्नानंतर लगेचही आला असेल, कोणावर आळ घेऊ नका, असं त्यांनी तिला सांगितलं. त्या दिवशी ती भासऱ्यांशी पुन्हा चार शब्द बोलली.

रिपोर्ट आला. बिघाड होता, कर्करोग नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तेवढी जागा यंत्रानं शेकून काढली आणि आम्ही त्याच दिवशी एसटीनं परत आलो. वर्षानं उपकेंद्रात पुन्हा तपासलं, डाग नव्हता. मी जावेच्या गळ्यातच पडले.

तिनं मला बाजूला केलं. "तुही तपासनी कवा झाली?"

एकदाही झाली नव्हती. माझं वय अडतीस.

"जाय आतमंदी. मी बसतो इथं."

मी टेबलावर झोपले, सिस्टरनं बोळा लावला. ते एक मिनिट काही केल्या संपेना. "काही नाही, पाच वर्षांनी या," सिस्टर म्हणाल्या. मी बाहेर आले आणि 'काही नाही' म्हणून नुसती मान हलवली. स्वतःच्या रिपोर्टाला डोळ्यातून टिपूस न काढणारी माझी जाऊ, पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली.