उकडलेल्या भाजीचं पाणी

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की मूर्तिजापूर ते अकोला या मार्गावर सलग एकोणीस दिवस एक चार खणांचा डबा रोज सकाळच्या गाडीने गेला आणि त्या डब्याचा वाहक मी होतो.

आईच्या किडन्या थकल्या होत्या. अकोल्याच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच दिवशी कागद दिला. मीठ चिमूटभर. लोणचं, पापड, संत्री, नारळपाणी बंद. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि पाणी फेकायचं, कारण पोटॅशियम त्यात उतरतं. ते रक्तात वाढलं की हृदय थांबू शकतं, असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला तिथंच घाम फुटला.

रांधायची मावशी, आईची धाकटी बहीण. गरम जेवण गरम डब्यात भरायचं, दोन तासांत खायचं, उरलं तर टाकायचं. मधल्या भुकेला हवाबंद डब्यात बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या, त्या आठवडाभर टिकायच्या. मी वॉर्डात डबा असा उघडायचो, जणू पडदाच वर जातोय.

विसाव्या सकाळी पडदा वर गेलाच नाही. पोटॅशियम वाढलं होतं. आईच्या छातीला वायरी, हातात सुई, आणि डॉक्टर कागदावरची हृदयाची रेघ पुन्हा पुन्हा बघत होते. त्या रेघेची मला अजून भीती वाटते.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला बाजूला घेतलं. ‘‘काय काय दिलं? खरं सांगा.’’

मी सगळं सांगितलं. त्यांनी मला मावशीला फोन लावायला सांगितलं आणि स्पीकरवर विचारलं, ‘‘भाजीचं पाणी फेकता ना?’’

‘‘फेकतो कावून? सत्त्व असते त्यात. कणीक भिजवतो त्याच्यानं. वरणातही घालतो.’’

बाईंनी डोळे मिटले. ‘‘मावशी, जे काढलं, तेच तुम्ही पोळीतून परत दिलं. एकट्या त्यामुळेच झालं असं नाही म्हणत मी, पण ते आजपासून बंद.’’

पलीकडून मावशी रडत म्हणाली, ‘‘माह्या हातानं बहिणीले मारत होती का मी? आता मी चुलीजवळ नाही जात.’’

दिवसभर मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडलं की उठून उभा राहायचो. संध्याकाळचा रिपोर्ट आला, आकडा उतरला होता. मी आत धावलो, आईचा हात धरला आणि सांगितलं की धोका टळतोय, आणि उद्यापासून भाजी मी उकडणार, पाणीही मीच फेकणार.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे मान वळवून म्हणाली,

‘‘इतके दिवस मले भेव नव्हतं वाटलं बाई, आता हा सैपाक करतो म्हणते, तर वाटून राहिलं.’’