टोकन भिजलं होतं म्हणून

बोरिवलीच्या सीए ऑफिसात मी अकरा वर्षं लोकांचे रिटर्न भरतेय. बहुतेक क्लायंट डिजिटल सहीचं टोकन, पेनड्राइव्हसारखं असतं ते, आमच्याच ड्रॉवरमध्ये टाकून जातात, वर पिनची चिठ्ठीही. मनोरीचे अंकल मात्र तसले नाहीत. तिघा भावांचा बर्फाचा कारखाना, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. सही अंकलची. दरवर्षी होडीने मार्वेला उतरून स्वतः यायचे, टोकन शर्टाच्या खिशात. "सही माझी हाय, तर हात पण माझाच," म्हणायचे.

मागच्या वर्षी ते आले त्या दिवशी रिटर्नची शेवटची तारीख. पोर्टल सकाळपासून रडत होतं आणि माझं डोकं नुसतं भणभणत होतं. अंकलनी टोकन लावलं. दिवा लागला, पण पोर्टलवर सर्टिफिकेटची यादी रिकामी!

ब्राउझर आणि टोकनमध्ये दुवा जोडणारं छोटं सॉफ्टवेअर असतं, ते बंद पडलं असेल म्हणून पुन्हा चालू केलं. पोर्टल त्याच्याशी बोलायला लागलं, यादी मात्र रिकामीच. पोर्ट बदलला, ब्राउझर बदलला. शेवटी वैतागून म्हटलं, "अंकल, टोकन गेलंय तुमचं. पाण्यात पाडलंत का?"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "मागच्या आठवड्यात होडीत भिजलो होतो गो."

"मग काय! वाट लागली."

त्यांनी तिथेच धाकट्या भावाला फोन लावला. "माझीच चुकी. पुढच्या वर्षापासून सही तू कर. मला नाय जमत आता." भाऊ पलीकडून काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण अंकल बराच वेळ नुसतं हो हो करत होते.

मग मला सुचलं. कॉम्प्युटरमधली प्रोग्रॅमची यादी उघडली. अंकलचं टोकन वाचणारा प्रोग्रॅम, त्याचा ड्रायव्हर, तोच नाही! आदल्या दिवशी दुसऱ्या कंपनीचं टोकन चालेना म्हणून जुने ड्रायव्हर मीच उडवले होते. घाईत, न वाचता. ड्रायव्हर नसेल तर दिवा कितीही लागू दे, कॉम्प्युटरला आतलं सर्टिफिकेट दिसतच नाही.

ड्रायव्हर पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. यादीत अंकलचं नाव आलं. त्यांनी एका बोटाने पिन टाकला, सही झाली, रिटर्न गेला.

"सुकलं वाटतं," अंकल हसले. "पोरी, तू वाचवलंस."

मी सांगायला हवं होतं. पण मागे चार जण ताटकळत होते, साहेब केबिनमधून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. मी म्हटलं, "जपून ठेवा अंकल."

यंदा धाकटा भाऊ आला. स्वतःचं नवं टोकन घेऊन. आल्या आल्या ते ड्रॉवरमध्ये टाकलं, पिन कागदावर लिहून दिला. "अंकल कुठेत?" मी विचारलं.

"घरी. त्याला काय जमतंय हे सगळं? मागच्या वर्षी टोकन भिजवलं होतं ना त्याने."

मी मान डोलावली आणि पिनची चिठ्ठी टोकनला चिकटवली.