सारांश सरांचं मत

त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीपुरतं उरलं होतं. कॉलेजात सगळे त्यांना सारांश सर म्हणत. इतिहासाचा कितीही अवघड भाग असो, तास संपायच्या आधी सर खडू खाली ठेवत, हात झटकत आणि सगळं धड्याचं धड चार वाक्यांत उभं करून दाखवत. त्या चार वाक्यांवर पोरं पास होत. कुणी विचारलंच, "पण सर, तुम्हाला काय वाटतं, कुणाचं बरोबर होतं?" तर सर चष्मा काढून पुसत आणि म्हणत, "दोन्ही बाजू लिहा."

घरीही तीच तऱ्हा. "अहो, भाजी कशी झालीय?" असं बायकोनं विचारलं की सर म्हणत, "बटाटा आहे, गाजर आहे, रस्सा आज पातळ आहे." बायको औषधांच्या दुकानात हिशेब बघायची. ती म्हणायची, "भाजीत काय आहे ते मला ठाऊक आहे, मीच टाकलंय! कशी झालीय ते सांगा." सर म्हणत, "वाढ अजून थोडी." यावरून तिनं काय ते समजायचं.

त्यांना मतं नव्हती असं नाही. पण विभागात कितीतरी वर्षं कुणाच्या ना कुणाच्या भांडणात मध्ये उभं राहून त्यांच्या एक लक्षात आलं होतं, की मत दिलं की ते निस्तरावं लागतं. निस्तरायला लागणारी उमेद आता गुडघ्यांबरोबरच कमी होत चालली होती.

अशात विद्यापीठाच्या त्रैमासिकाकडून त्यांच्याकडे एक पुस्तक परीक्षणासाठी आलं. कापडगिरण्यांच्या पाळ्यांवर होतं. रात्रपाळी, दिवसपाळी, भोंगा, आणि त्या भोंग्यानं कामगारांच्या घरातलं काय काय हललं, असा विषय. लिहिणारी दुसऱ्या गावातल्या कॉलेजातली एक तरुण प्राध्यापिका. सरांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ओळखीतल्या माणसाचं पुस्तक परीक्षणाला घ्यायचं नाही, हा त्या त्रैमासिकाचा शिरस्ताच होता.

सरांनी पुस्तक दोनदा वाचलं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून वाचलं. मग नेहमीच्या हातानं लिहून काढलं: सात प्रकरणं, सात परिच्छेद, आणि शेवटी 'अभ्यासकांना हे पुस्तक निश्चितच उपयुक्त ठरेल'. पाकीट बंद करताना त्यांना जरा बरं वाटलं. कुणाला दुखावलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये समोरच्या टेबलावरच्या बातमीदारानं विषय काढला. हा शिकवायचा अर्थशास्त्र, पण त्याची खरी विद्या म्हणजे कुणाचं काय चाललंय ते.

"ते गिरण्यांचं पुस्तक तुमच्याकडे आहे म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो, टेबलावर महिनाभर पडलं होतं. बिचारी पोरगी! चार वर्षं तात्पुरती आहे. उन्हाळ्यात निवड समिती बसायचीय. ज्ञानकोश आहेत सगळे तिथले, पुस्तक कुणी वाचणार नाही. परीक्षण मात्र सगळे वाचतील. दोन पानांत काम होतं ना."

सर मनात म्हणाले, मग झालं तर. आपण वाईट एक अक्षर लिहिलेलं नाही.

चार दिवसांनी परीक्षण परत आलं. सोबत संपादकबाईंची चिठ्ठी होती: 'वेळ काढून येऊन जा.'

संपादकबाईंची खोली विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. सर दोन ठिकाणी थांबत वर पोचले. खोलीत जुन्या अंकांचे गठ्ठे खुर्च्यांवरही होते. बाईंनी एक गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला आणि सरांना बसायला लावलं. त्याही थकलेल्या दिसत होत्या.

"सर, तुमचा सारांश उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच छापत नाही."

"काही चुकलंय का?"

"एकही चूक नाही. पुस्तकाच्या पाठीवरच्या प्रकाशकाच्या मजकुराला लाजवेल असा आहे. पण पुस्तकात काय आहे ते अनुक्रमणिकाही सांगते हो. वाचणाऱ्याला दुसरंच हवं असतं. या बाईंनी प्रश्न कुठला विचारला, उत्तर कशाच्या जोरावर दिलं, ते पुरतं का, आणि याआधी या विषयावर जे लिहिलं गेलं त्यात हिनं नवीन काय घातलं. यातलं एक तरी वाक्य आहे का तुमच्याकडे?"

"शेवटचं आहे की. उपयुक्त ठरेल."

बाई हसल्या. "हे वाक्य मी इतक्या वेळा छापलंय ना, की आता ते आपोआप टाइप होतं."

सर अवघडले. मग न राहवून म्हणाले, "बाई, त्या मुलीची नोकरी आहे हो याच्यावर. समिती बसणार आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मला सांगायला नको होतंत."

"तसं नाही, मी..."

"आता सांगितलंतच तर ऐका. तुम्हाला वाटतं, नुसतं सांगून गेलो म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही. समितीतला माणूस हे वाचेल आणि म्हणेल, एवढ्या जुन्या माणसाला सांगण्यासारखं चांगलं काही सापडलं नाही, म्हणून बिचाऱ्यानं गोष्ट सांगून वेळ मारून नेली. गप्प बसलात की लोक तुमच्या तोंडी आपल्या मनातलं घालतात."

हा विचार सरांच्या डोक्यात आलेला नव्हता.

"मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या, "या पुस्तकातलं तुम्हाला काय आठवतं? पुस्तक न उघडता."

सर लगेच म्हणाले, "हजेरी. तिनं गिरणीतल्या बायकांची हजेरी शाळेच्या हजेरीशेजारी ठेवून वाचली. ज्या आठवड्यांत आई रात्रपाळीला, त्या आठवड्यांत घरातली मोठी मुलगी शाळेत गैरहजर. मुलगा हजर. दोन्ही कागद कितीतरी लोकांनी हाताळले असतील, पण शेजारी कुणी ठेवले नव्हते."

"आणि खटकलं काय?"

या प्रश्नाला मात्र वेळ लागला. "शेवटचं प्रकरण. हे सगळं एका गिरणीचं आहे. शेवटी ती म्हणते, सगळ्याच गिरणी-गावांत असंच झालं. तेवढा पुरावा तिच्याकडे नाही."

"मग हे सगळं तुमच्या परीक्षणात कुठे आहे?"

हजेरी चौथ्या परिच्छेदात, एका ओळीत होती. खटकलेलं कुठेच नव्हतं.

घरी आल्यावर सरांनी नव्यानं लिहायला घेतलं. आणि बांध फुटावा तसं झालं. इतकी वर्षं साठलेलं मत एकदम बाहेर पडलं. पुराव्याची पद्धत, निष्कर्षाची घाई, दुसऱ्या अभ्यासकांचे वाद, सूची नसण्याची गैरसोय, इतकंच काय, गिरणीमालकांवर स्वतंत्र प्रकरण का नाही, हेही. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी ते बायकोपुढे ठेवलं.

तिनं चष्मा लावून नीट वाचलं. "बाप रे! तुम्ही एवढं बोलता?"

"कसं वाटतंय?"

"चांगलं आहे. पण अहो, या पुस्तकात आहे काय?"

"म्हणजे?"

"कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते कळलं. पण कशातलं? हजेरी कुणाची, कुठली? मला वाटलं, तुमच्या कॉलेजच्या हजेरीचं काहीतरी आहे. आणि मालकांवर नाही म्हणून का रागावलात? त्यांच्यावर लिहायचं होतं का तिला?"

"नाही. बायकांवरच लिहायचं होतं."

"मग झालं. मी दुकानात साबण न्यायला आलेल्या माणसाला गोळ्या का नाही घेतल्या म्हणून नाही विचारत."

सरांनी कागद परत घेतला. मालकांचं वाक्य त्यांनी तिथल्या तिथेच खोडलं.

तिसऱ्या वेळी त्यांनी सावकाश लिहिलं. आधी दोन परिच्छेदांत विषय, त्यावर आधी झालेलं लेखन आणि लेखिकेचा प्रश्न. सात प्रकरणं एकामागून एक न मांडता तिचा मुद्दा कसा पुढे जातो तेवढंच. मग हजेरीचं चौथं प्रकरण. ते का महत्त्वाचं, ते पान क्रमांकासकट. आता पुढे शेवटच्या प्रकरणातल्या दोषाचं वाक्य होतं. पेन तिथेच थांबलं.

समितीतला कुणीतरी हेच वाक्य बोटानं दाखवेल, हे त्यांना दिसत होतं. गाळावं, तर हजेरीची स्तुतीही फुकट जाते. दोष न दिसणाऱ्या माणसाच्या कौतुकावर कोण विश्वास ठेवणार? आणि गाळलं तरी प्रकरण तसंच राहणार. ते दुपारभर बसून राहिले. शेवटी लिहिलं: 'हा निष्कर्ष या एका गिरणीपुरता भक्कम आहे. तो सर्व गिरणी-गावांना लावताना शेवटचे प्रकरण पुराव्याच्या पुढे जाते. दुसऱ्या एखाद्या गिरणीची हजेरी तपासली गेली तर हे विधान टिकते की नाही ते ठरेल.' खाली, हे पुस्तक कामगारांच्या इतिहासाइतकंच शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीही वाचावं, आणि का, ते एका ओळीत.

बाईंनी एक स्वल्पविराम बदलून ते छापलं.

समिती बसली त्या दिवशी सरांचं वर्गात लक्ष नव्हतं. नंतर आठ-दहा दिवस बातमीदारही गप्प होता, आणि तो गप्प म्हणजे बातमी चांगली नसावी. मग एका संध्याकाळी घरचा फोन वाजला. पलीकडून त्या मुलीनं आपली ओळख सांगितली. आवाज थकलेला होता.

"सर, नंबर संपादकबाईंकडून घेतला. रागावू नका."

"नाही, नाही. बोला."

"समितीनं मला शेवटच्या प्रकरणावरच विचारलं. तुमचं वाक्य वाचून दाखवलं."

सरांनी भिंतीला हात टेकला. "मग?"

"मग समितीतल्याच एक बाई म्हणाल्या, वरचंही वाचा. चौथ्या प्रकरणाचं. ते वाचल्यावर त्यांनी हजेरीबद्दल विचारलं. तासभर. तेवढाच तास मला बरा गेला." ती थांबली. "कायम नाही केलं. दोन वर्षं वाढवून दिलीत. दुसऱ्या एका गिरणीचं काम करून दाखवा, मग बघू म्हणाले."

वाईट वाटलं म्हणावं, तर ते वाक्य सरांनीच लिहिलेलं.

"सर, मी भांडायला फोन नाही केला. आधी करणार होते, खरं सांगते. पण मला एकच विचारायचंय. छापण्यासाठी नाही, असंच. ते प्रकरण वाईट आहे का?"

चष्मा पुसायला सरांचा हात मोकळा नव्हता.

"वाईट आहे," ते म्हणाले. "घाईत लिहिलंय. तुम्ही दमला होतात तेव्हा, आणि ते दिसतं. चौथं मात्र मला लिहायला आवडलं असतं. ते मला जमलं नसतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आमच्या गावाजवळ, नदीपलीकडे एक गिरणी होती, तिचे कागद," सर म्हणाले, "गिरणी बंद पडल्यावर तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत नेऊन टाकलेत. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाहिलेत. तो तिथेच शिक्षक आहे. पत्ता देऊ?"

"थांबा सर, पेन आणते."

सर थांबले. गुडघे दुखत होते, तरी फोन तसाच कानाला लावून उभे राहिले.