विषुववृत्तावर थांबलेला बाण

बॅरोमीटर वाचण्याआधी गुद्रुन त्याच्या काचेवर बोटाच्या पेराने टिचकी मारायची. कॉफी ओतून घ्यायची आणि विसरायची. लाल-निळे खडू कोटाच्या एकाच खिशात ठेवायची, त्यामुळे तिचे रुमाल कायम जांभळे. आणि ‘आज हवा छान आहे’ असं ती कधीच म्हणायची नाही. म्हणायची, “सध्या तरी.”

उत्तरेकडच्या एका थंड बेटावरच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. इंगवील तिथे साहित्य शिकवायला आली तेव्हा आपल्या अर्ध्या वयाच्या या मुलीला गुद्रुनने पहिल्याच दिवशी खिडकीपाशी नेलं होतं. “कविता नंतर. आधी वारा कुठून येतोय ते सांग.” मैत्री तिथेच जुळली.

त्या एप्रिलमधल्या सकाळी मुलं चुळबुळत होती. मासेमार ओद्वारच्या बोटीतून बाहेरच्या दीपगृहावर सहल जायची होती. वर्षभर वॅफलच्या गोड पोळ्या विकून त्यांनी तिचे पैसे जमवले होते. रात्रभर भुरभुरणारा पाऊस थांबला होता, हवा उबदार होती. गुद्रुनने हवामानाचा ताजा नकाशा फळ्यावर उतरवला.

“जायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. वाचा.”

ओद्वारची मुलगी सुनिवा पुढे आली. “आपल्यावरच्या समदाब रेषा एकमेकींपासून लांब आहेत. म्हणजे वारा कमी. लाल अर्धवर्तुळांची उष्ण आघाडी पुढे गेली. पाऊस संपला. जायचं!”

वर्गाने बाकं बडवली.

“तू पायाखालचं वाचलंस,” गुद्रुन म्हणाली. “पाठीमागचं कोण वाचणार?”

पश्चिमेला निळ्या त्रिकोणांची रेघ होती. शीत आघाडी. “उबदार हवा थंड हवेवर हळूहळू चढते, म्हणून रात्रभर रिपरिप. थंड हवा तशी सभ्य नाही. ती खालून घुसते आणि उबदार हवेला वर फेकते. आपण दोन्ही आघाड्यांच्या मधे उभे आहोत. आता त्या रेघेमागच्या रेषा बघा.”

त्या एकमेकींना चिकटून होत्या. सुनिवाचा चेहरा उतरला. तीन तासांपूर्वीच्या नकाशावरून मुलांनी आघाडीचा वेग काढला. उत्तर आलं, दुपारी बारा. वारा फिरून वायव्येकडून येणार, आणि धक्क्याचं तोंड नेमकं वायव्येला.

सहल थांबली.

बारा वाजले. काहीच झालं नाही. साडेबारा. ढगांतून चक्क ऊन पडलं.

“गुद्रुन, तुझी आघाडी कॉफी प्यायला थांबली वाटतं,” मागून कुणीतरी टोमणा मारला. या बेटावर मुलं शिक्षकांना नावानेच हाक मारायची.

“थांबली असेल. ती येणार हे नकाशा सांगतो, घड्याळ लावून देत नाही.” पण ती सारखी खिडकीपाशी जात होती. शेवटी मुलांचं मन रमावं म्हणून तिने दुसऱ्या फळ्यावर हिंदी महासागर काढला. इंगवील मोकळ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसली होती.

“नियम तोच. उन्हाळ्यात भारताची जमीन तापते, तिथे हवेचा दाब कमी. दक्षिणेच्या समुद्रावर जास्त. वारा जास्तीकडून कमीकडे निघतो. पण पृथ्वी फिरते, म्हणून तो सरळ जात नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तो डावीकडे वळतो, म्हणजे आग्नेयेकडून येतो.” गुद्रुनच्या खडूचा बाण वर सरकत विषुववृत्ताला टेकला. “आणि रेषा ओलांडली की...”

दारात ओद्वार उभा होता. हातात टोपी. “बॅरोमीटर हलत नाहीये. ऊन पडलंय. मुलांना घेऊन जातो, तासात परत.”

“मधल्या पट्ट्यात तो स्थिरच असतो. नको नेऊस.”

“नेहमीचं तुझं! अगं, नकाशा बघून मासे पकडले असते तर उपाशी मेलो असतो.”

तो धक्क्याकडे वळला. चार मुलं पिशव्या उचलून त्याच्या मागे धावली. गुद्रुनने खडू खिशात टाकला. “इंगवील, बाकीच्यांना बघ.” आणि कोटाची बटणं न लावता ती उतारावरून धावत सुटली.

खिडकीतून सगळं दिसत होतं. मुलं बोटीत चढायच्या आत तिने दोर धरला. ओद्वार हातवारे करत होता. ती दोर सोडत नव्हती. भांडण चांगलंच लांबलं. मग पश्चिमेचं आभाळ काळं झालं, धक्क्यावरचा ध्वज गर्रकन फिरला, आणि वायव्येकडून गारांचा मारा आला. पहिल्याच लाटेने बोट धक्क्यावर आपटली. रिकामी बोट.

ओद्वार मुलांना घेऊन वर पळाला. शाळेच्या दारात धापा टाकत म्हणाला, “बाई बरोबर होती. सांगतो तिला, येतेय मागून.”

ती येत नव्हती. चढावर, कुंपणाला टेकून ती बसलेली सापडली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. गारा तिच्या केसांत तशाच होत्या.

सोमवारी इंगवीलने वर्ग उघडला. टेबलावर गार कॉफी. फळ्यावर हिंदी महासागर.

“पुसायचं?” सुनिवाने विचारलं.

“नको.”

“मग पुरा करायचा? उत्तरेला वारा उजवीकडे वळतो. म्हणजे नैर्ऋत्येकडून, भारतावर. मला येतं.”

इंगवीलने खडू पुढे केला. सुनिवाने तो घेतला, फळ्यापाशी गेली, आणि तशीच उभी राहिली.

बाण विषुववृत्तापर्यंत आला होता. तिथून पुढे वळायचा राहिला होता.