ओली भिंत आणि मोकळा तास

थोरल्या बाईंना शिक्षकांच्या खोलीत एकेकाळी ‘कात्री’ म्हणत, कारण समोरच्याचं वाक्य त्यांनी पूर्ण होऊ दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की वर्गात चुका संपल्या होत्या, कारण बोलणंच संपलं होतं. तेव्हापासून त्या गावात नव्याने आलेल्या, मराठी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी संध्याकाळी बोलण्याचा तास घेत, आणि बोलणाऱ्याला मध्येच अडवत नसत.

हा तास सोमवारपासून बंद करून तिथे व्याकरण बसवायचं, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं होतं. त्यांचं मन वळवायला बाईंच्या हाती उरलं होतं शिक्षकांच्या कार्यशाळेतलं एक भाषण.

“अर्थच कळेना, तर लगेच विचारा,” त्या म्हणाल्या. “बाकी चुका टिपून ठेवा. शेवटी दोन-तीन घ्या, सगळ्या वर्गासमोर, कुणाची ते न सांगता.”

मागच्या रांगेत एक मान डुलकीने खाली गेली. बाईंनी आपल्या तासातल्या प्लंबरला पुढे बोलावलं.

“काल एका घरात भिंत ओला झाला,” प्लंबर म्हणाला.

“ओली झाली!” पहिल्या रांगेतून मुख्याध्यापक.

“झाली. बाई घाबरला—”

“घाबरली!”

प्लंबरने घाम पुसला. “भिंत,” तो म्हणाला. बराच विचार करून त्याने जोडलं, “आहे.” आणि खाली बसला.

“वा, एकही चूक नाही!” मुख्याध्यापक खुलले.

“गोष्टही नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. मग खुर्ची ओढून त्या प्लंबरसमोर बसल्या. “दादा, भिंत ओली झाली? मग?”

“भिंत ओली झाली, मग मी वर गेलो!” गडी सुटला. “पाइप ठणठणीत, नळ ठणठणीत, तरी पाणी खाली येतच होती!” सभागृह पुढे सरकलं. डुलकी मोडली.

“मग पाणी येत कुठून होतं?” मुख्याध्यापकांना राहवेना.

“वरचा आजोबा! रोज सकाळी बादलीभर पाणी झाडाला. झाड प्लास्टिकची!”

सभागृह हसून लोळलं. मुख्याध्यापक डोळे पुसत होते. झाडाचं लिंग कुठल्या कुठे वाहून गेलं होतं.

“अहो, मग त्यांना सांगितलंत की नाही?”

“नाही साहेब. त्यांनी झाडाचा नाव ठेवलाय. मी फक्त कुंडीखाली मोठा ताट ठेवला.”

मुख्याध्यापकांचं बोट सवयीने वर गेलं. बाईंनी श्वास रोखला. बोट तसंच हवेत राहिलं, मग नाक खाजवून खाली आलं.

“मोठं ताट ठेवलं? छान केलंत.”

“हो, मोठं ताट ठेवलं!” प्लंबर म्हणाला. “आता तो ताट पण रोज भरते.”

मुख्याध्यापकांनी जीभ दाताखाली दाबली आणि बाईंकडे वळले. “सोमवारपासूनही तास राहू द्या तुमच्याकडेच,” ते कळवळून म्हणाले. “फक्त मला बसायला बोलावू नका. फार त्रास होतो हो.”