ब्लाउजचा कोर्स आणि भोरचा गाळा

भोरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा शिवणक्लास आहे. भाड्याचा गाळा, चार मशिनी आणि कापडाच्या चिंध्यांनी कायम भरलेला कोपरा. उत्रोलीहून रोज यायचं, दरवर्षी भाडं वाढवून द्यायचं, या सगळ्याचा मला कंटाळा आला होता. तेव्हा मोबाईलवर कुणीतरी सांगत होतं, शिकवण्याचे व्हिडिओ काढून एकदा ऑनलाइन कोर्स बनवून ठेवा, झोपेतसुद्धा पैसे येतील. मला ते पटलं. मी गाळामालकांना सांगून टाकलं, दिवाळीनंतर जागा सोडते, आणि वर्गात नव्या मुली घेणं थांबवलं.

आमचे हे शेतकरी माणूस, पण मोबाईल धरून उभे राहिले. भाताची लावणी उरकून आल्यावर रोज संध्याकाळी शूटिंग. कधी लाईट जायची, कधी शेजारची म्हैस ओरडायची. मी चुकले की हे हसत, आणि हे हसले की मी चिडे.

"आगं, लई बोलतीस तू. कापड कवा कापणार?" हे म्हणायचे.

"तुमी गप मोबाईल धरा. हात हलतोय तुमचा."

पंधरा मिनिटांच्या एका धड्याला तीन-तीन संध्याकाळी गेल्या. माईक, लाईट आणि एक स्टँड घेतला. दोन महिन्यांनी बारा धडे तयार झाले. किंमत ठेवली तीनशे नव्याण्णव, त्यातून ॲपवाले आपला हिस्सा कापून घेतात. पहिल्या आठवड्यात पटापट विकला गेला. घेणाऱ्या जवळजवळ सगळ्या माझ्या जुन्या मुली आणि नात्यातल्या. मग एकदम शांत. झोपेत पैसे येणं तर दूरच, लोकांच्या शंकांनी माझी झोप उडाली. कोर्स विकणं म्हणजे त्यानंतर व्हॉट्सॲपवर रोज तासभर उत्तरं देणं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

शंका एकच. ब्लाउज मुंढ्यात, काखेपाशी दाटतोय. एकीने तर पैसे परत मागितले, ते मी मुकाट्याने दिले. मला वाटायचं, यांना कात्रीच धरता येत नाही.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि एके दुपारी गुंजवणे गावच्या सहा-सात बाया दारात उभ्या राहिल्या. दोन गाड्या बदलून आल्या होत्या, प्रत्येकीच्या पिशवीत एकेक बिघडलेला ब्लाउज. सगळ्यांत थोरल्या काकी पुढे झाल्या.

"बाई, तुमचा कोर्स आमी घेतलाय."

"कुणाच्या नावावर?"

"माझ्या सुनंच्या. बघतो सगळ्या मिळून. रेंज देवळाच्या कट्ट्यावरच येती न्हवं!"

एकीने पैसे भरायचे आणि अख्ख्या आळीने शिकायचं! मी रागावलेच. चांगलं दोन मिनिटं बोलले. काकी म्हणाल्या, "व्हय, चुकलं. पर आदी ह्ये बगा."

मी ब्लाउज टेबलावर पसरले. सगळ्यांचे मुंढे वेगळे, कुणाचा अर्धा इंच वर, कुणाचा त्याहून जास्त. मी विचारलं, "माप कसं घेतलं?" त्यांनी बोटं पुढे केली. "तुमीच सांगितलं की. मुंढा दोन बोटं खाली घ्या."

मी माझ्या हाताकडे बघितलं. माझी बोटं जाड, त्यांची बारीक. माझ्या आईने बोटांनी शिकवलं, मीही वर्गात तसंच शिकवत आले. पण वर्गात मी शेजारी उभी असते, खडूची रेघ पडायच्या आधीच हात धरते. व्हिडिओत कुणाचा हात धरणार? मला इतकं हसू आलं आणि इतकी लाजही वाटली, की मी खुर्चीतच बसले. त्याही हसायला लागल्या.

टेप काढली. कुणी मशिनीवर, कुणी चटईवर, कुणी उंबऱ्यात बसली. एकेकीचं माप घेत, उसवत, जोडत दुपार सरली. कित्येक दिवसांनी मला बरं वाटत होतं. मोबाईलसमोर बोलताना अशा बायांच्या कलकलाटाची मला किती आठवण येत होती, ते त्या दिवशी कळलं.

पुढे ते सगळे धडे टेप घेऊन पुन्हा शूट केले. वर्षभरात चाळीसेक जणींनी कोर्स घेतला. ॲपवाल्यांचा हिस्सा आणि सामानाचा खर्च वजा जाता उरलं ते गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं. तेवढ्याच वेळात ब्लाउज शिवले असते तर जास्त मिळाले असते. तरी अजून महिन्याला एखाद-दुसरी कोर्स घेते, आणि त्यासाठी पुन्हा शूटिंग करावं लागत नाही. जोडधंदा म्हणून वाईट नाही, पण पोट त्याच्यावर टाकू नये.

हे हिशेब मात्र नंतरचे. त्या दुपारी यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. पाचच्या सुमारास गाळामालक नव्या भाडेकरूला जागा दाखवायला घेऊन आले. उंबऱ्यात बसलेल्या बाया उठेनात, त्यामुळे दोघेही बाहेरच थांबले.

"काय बाई, दाखवू ना आतून?" मालकांनी विचारलं.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढल्या आणि म्हणाले, "नका दाखवू. गाळा रिकामा न्हाई."